बँक स्टेटमेंट दाखवायची परवानगी : किती दिवसांची, आणि परत कशी घ्यायची

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आर्थिक साक्षरता सखींनी जे सांगितलं, ते ज्या ताईंना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



गटाचं कर्ज कसं मिळतं हे आपल्याला पाठ आहे. ठराव होतो, सह्या होतात, बँक गटाचं रेकॉर्ड बघते. पण आता आपल्यातल्या बऱ्याच जणी स्वतःच्या नावावर वेगळं कर्ज काढायला लागल्या आहेत. कुणाला पिठाची गिरणी टाकायची आहे, कुणाला दोन म्हशी घ्यायच्या आहेत. अशा कर्जाला गटाचं रेकॉर्ड पुरत नाही, तुमचं स्वतःचं बँक स्टेटमेंट मागतात. पूर्वी त्यासाठी शाखेत जाऊन रांगेत उभं राहायचं, शिक्का मारून प्रिंट घ्यायची आणि ती नेऊन द्यायची. आता समोरचा माणूस म्हणतो, "ताई, लिंक पाठवलीय, ओटीपी टाका, झालं."

झालं म्हणजे नक्की काय झालं, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

त्या लिंकमागे 'अकाउंट अ‍ॅग्रीगेटर' नावाची कंपनी असते. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. तुमचं खातं एका बँकेत आहे आणि कर्ज दुसरीकडे मागितलंय. ह्या दोघांच्या मधे उभी राहून, तुम्ही हो म्हटलं तरच, तुमच्या खात्याची माहिती इकडून तिकडे पोचवायची. अशा कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. त्यांचे नियम २०१६ साली निघाले आणि बँकांबरोबर प्रत्यक्ष काम सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालं. फिनव्यू, वनमनी, अनुमती ही त्यातली काही नावं. माहिती कुलूपबंद होऊन जाते. मधल्या कंपनीला ती उघडून वाचता येत नाही आणि स्वतःकडे ठेवताही येत नाही. ती तुमच्या खात्यातून पैसेही काढू शकत नाही. तेवढी भीती बाळगू नका.

काळजी घ्यायची ती वेगळ्या गोष्टीची. तुम्ही जी परवानगी देता, ती कशाची आणि किती दिवसांची?

गटाच्या इतिवृत्तात ठराव कसा असतो ते आठवा. कुणाला, किती, कशासाठी, किती महिन्यांत परतफेड, सगळं लिहिलेलं असतं. कोऱ्या पानावर सही करा म्हटलं तर आपली अध्यक्ष ताई पेन खाली ठेवेल. ही परवानगी म्हणजेसुद्धा एक ठरावच आहे, फक्त कागदाऐवजी पडद्यावर. कोण मागतोय, काय मागतोय, कशासाठी, कधीपर्यंत, हे सगळं त्यावर दाखवावंच लागतं, तसा नियम आहे. अडचण एवढीच, की ते बारीक अक्षरात असतं, बहुतेक वेळा इंग्रजीत असतं आणि शेजारी उभा असलेला माणूस "करा करा" म्हणत असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा आपल्यातल्या एका ताईंना गिरणीसाठी ८० हजार रुपये हवे आहेत, २४ महिन्यांच्या मुदतीवर. त्यांची दोन खाती आहेत. एक राष्ट्रीयीकृत बँकेत, त्यात लाडकी बहीणचे १५०० रुपये येतात, औषधपाणी, किराणा, माहेरी पाठवलेले पैसे हे सगळं त्यातूनच होतं. दुसरं खातं खाजगी बँकेत, त्यात पापड-मसाल्याच्या विक्रीचे पैसे येतात. कर्ज देणाऱ्या कंपनीने लिंक पाठवली.

लिंक उघडल्यावर आधी मोबाईल नंबर मागतात आणि त्यावर ओटीपी येतो. हा पहिला ओटीपी मधल्या कंपनीचा, तुम्ही तुम्हीच आहात हे बघण्यासाठी. मग त्या नंबरला जोडलेली खाती शोधली जातात आणि पडद्यावर येतात. खातं जोडताना दुसरा ओटीपी येतो, तो तुमच्या बँकेकडून. ह्या दोन ओटीपींशिवाय काहीच मागायचं काम नाही. एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन, नेटबँकिंगचा पासवर्ड ह्यातलं काही विचारलं, तर ते पान अकाउंट अ‍ॅग्रीगेटरचं नाहीच. तिथेच बंद करा.

आता दोन्ही खाती दिसली. बहुधा सगळ्यांवर आधीच टिक केलेली असते. ताईंनी इथे थांबून विचारायचं, की तुम्हाला कोणतं खातं बघायचंय? धंद्याचं खातं पुरत असेल तर घरच्या खात्यावरची टिक काढता येते. ही माहिती म्हणजे नुसती शिल्लक नव्हे. कोणत्या तारखेला कुणाला किती दिले, कोणत्या दवाखान्यात किती गेले, हे एकेक ओळीने जातं. कंपनी म्हणू शकते की दोन्ही खाती दाखवल्याशिवाय कर्ज देणार नाही. तो तिचा निर्णय. पण विचारलं तरच कळतं, आणि पुष्कळदा एक खातं चालतं.

त्यानंतर येतं परवानगीचं पान. इथे तारखा असतात आणि इथेच गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश बघू.

एक तारीख असते मागच्या काळाची. म्हणजे कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंतचे व्यवहार बघणार. ताईंच्या पानावर लिहिलंय १ जून २०२४ ते ३१ मे २०२५, म्हणजे गेल्या वर्षाचे. हे वाचून वाटतं, मागचंच बघणार आहेत, बघू देत. पण खाली आणखी एक तारीख असते, परवानगी कधी संपणार त्याची. इंग्रजीत त्याला बहुतेक Consent expiry किंवा Valid till असं लिहिलेलं असतं. आणि तिच्याजवळच लिहिलेलं असतं, माहिती एकदाच घेणार की पुन्हापुन्हा. एकदाच असेल तर One time, पुन्हापुन्हा असेल तर Periodic, आणि मग महिन्याला एकदा, दिवसाला एकदा असं काहीतरी.

आता ताईंच्या पानावर एक नाही, दोन परवानग्या होत्या असं धरा. पहिली, कर्ज द्यायचं की नाही ते ठरवण्यासाठी, One time. ती रास्त आहे. दुसरी, कर्ज दिल्यावर खात्यावर लक्ष ठेवण्यासाठी. Periodic, महिन्याला एकदा, Valid till जून २०२७. म्हणजे पुढची दोन वर्षं दर महिन्याला ताईंच्या खात्याचं नवं स्टेटमेंट त्या कंपनीकडे आपोआप जाणार, ताईंना पुन्हा न विचारता. कारण एकदा हो म्हटलेलं असतं.

दुसरी परवानगी मागणं नियमाबाहेरचं नाही. कर्ज दिलेल्या माणसाला वाटतं की हप्ता येईल की नाही याचा अंदाज आधी यावा. पण ती मागतायत हे तुम्हाला माहीत पाहिजे. माझं मत विचाराल तर कर्ज हातात पडण्याआधी ही दुसरी परवानगी द्यायची गरज नाही. "कर्ज मंजूर झाल्यावर देते" असं म्हणा. दोन परवानग्या वेगवेगळ्या दाखवल्या असतील तर एकीला Approve आणि दुसरीला Reject करता येतं. दोन्ही एकाच बटणात बांधल्या असतील तर मात्र सगळं घ्या नाहीतर सोडा असा मामला होतो. अशा वेळी शाखेतून शिक्क्याचं स्टेटमेंट देऊ का असं विचारायला संकोचू नका. ही सोय ऐच्छिक आहे, सक्तीची नाही.

आणखी एक तारीख असते, Data life. घेतलेली माहिती ते स्वतःकडे किती काळ ठेवणार त्याची. हिचं महत्त्व परवानगी परत घेताना कळतं, त्याच्याकडे येतेच.

ताईंनी दोन्हींना हो म्हटलं. पंधरा दिवसांनी निरोप आला, कर्ज नामंजूर. ताईंनी दुसऱ्या बँकेकडून कर्ज काढलं, गिरणी सुरू झाली आणि पहिली कंपनी विसरल्या. पण दुसरी परवानगी? ती कर्जाला बांधलेली नव्हती, तारखेला बांधलेली होती. कर्ज नाकारलं म्हणून ती आपोआप बंद होईलच असं नाही. ज्या कंपनीने एक रुपया दिला नाही, तिच्याकडे जून २०२७ पर्यंत दर महिन्याला स्टेटमेंट जात राहू शकतं. आणि त्याच नंबरवर वर्षभर "आमच्याकडून कर्ज घ्या" असे फोन यायला लागले, तर कशामुळे हे लक्षातही येत नाही.

हे तपासायचं कसं? परवानगी देताना पानावर वर किंवा खाली त्या मधल्या कंपनीचं नाव असतं. कधी तुमच्या नंबरापुढे @finvu किंवा @onemoney असं लागून एक पत्ता तयार होतो, जसा यूपीआयचा असतो. तो लिहून ठेवा, पडद्याचा फोटो काढला तरी चालेल. कारण प्रत्येक अ‍ॅग्रीगेटर फक्त आपल्यामार्फत दिलेल्या परवानग्या दाखवतो. गिरणीच्या कर्जासाठी एकाकडून गेलात आणि म्हशीच्या कर्जासाठी दुसऱ्याकडून, तर दोन्ही ठिकाणी बघावं लागतं. आणि मधली कंपनी कोणती ते आपण निवडत नाही, कर्ज देणारा निवडतो. म्हणून नाव माहीत नसेल तर कर्ज देणाऱ्याला विचारा, "माझं स्टेटमेंट कोणत्या अकाउंट अ‍ॅग्रीगेटरमार्फत घेतलं?" त्यांना ते सांगता आलं पाहिजे.

नाव कळलं की त्या कंपनीचं अ‍ॅप प्ले स्टोअरवरून घ्यायचं किंवा तिची वेबसाइट उघडायची. ज्या नंबरवरून परवानगी दिली त्याच नंबरने आणि ओटीपीने आत जायचं. आत Consents असं लिहिलेलं असतं. तिथे तुम्ही आजवर दिलेल्या परवानग्यांची यादी असते. कुणाला दिली, कोणत्या खात्याची, कधीपर्यंत. कुणाबरोबर माहिती वाटली गेली हे बघायला मिळणं हा तुमचा हक्क आहे, रिझर्व्ह बँकेच्या नियमात तो लिहिलेला आहे. जिच्यापुढे Active लिहिलंय ती चालू. Expired म्हणजे मुदत संपली. Revoked म्हणजे तुम्ही परत घेतली. काही ठिकाणी Paused असंही दिसतं, ती तात्पुरती थांबवलेली.

परत घ्यायची तर Active असलेली परवानगी उघडायची आणि Revoke दाबायचं. तो खात्री करायला पुन्हा विचारतो, हो म्हणायचं. कुणाला फोन नाही, अर्ज नाही, कारण सांगायचं नाही. कर्ज देणाऱ्याला आणि बँकेला निरोप आपोआप जातो. पानावर Revoked आलं की त्याचा फोटो काढून ठेवा. आपल्या ताईंनी असं केलं, तर जून २०२७ ची वाट बघावी लागत नाही. पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट जातच नाही.

नुसतं अ‍ॅप काढून टाकलं तर काही होत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. अ‍ॅप फोनमधून गेलं तरी परवानगी त्यांच्याकडे नोंदलेलीच राहते. कर्ज कंपनीचं अ‍ॅप काढलं तरी तेच. घराला कुलूप लावून आपण गावाला गेलो म्हणून वीजबिल यायचं थांबतं का, तसं आहे हे.

आता Revoke ने काय होत नाही तेही सांगते, म्हणजे नंतर कुणी फसवलं असं वाटायला नको. जी माहिती आधीच गेली ती परत येत नाही. पुढची थांबते, मागची त्यांच्याकडे राहते, Data life मध्ये लिहिलेल्या काळापर्यंत. ती लवकर पुसायला हवी असेल तर कर्ज देणाऱ्याला वेगळं लिहावं लागतं. मोबाईलवरून दिल्या जाणाऱ्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. कर्जदाराला दिलेली परवानगी मागे घेण्याची आणि माहिती पुसायला सांगण्याची सोय असलीच पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. त्याचा हवाला देऊन दोन ओळींचा ईमेल पुरतो, मुलगी किंवा बँक सखी लिहून देईल.

हप्तासुद्धा Revoke ने थांबत नाही. हप्ता कापायची परवानगी वेगळी असते, ती तुम्ही बँकेला ऑटो-डेबिटसाठी दिलेली असते. ही फक्त बघायची, ती पैसे काढायची. एक बंद केली म्हणून दुसरी बंद होत नाही. सिबिलमध्ये कर्जाची चौकशी नोंदली गेली असेल तर तीही पुसली जात नाही.

आणि कर्ज खरंच चालू असेल, करारात 'खात्याची माहिती देत राहीन' असं तुम्ही मान्य केलं असेल, तर मधेच Revoke केल्यावर कंपनी विचारणा करू शकते. म्हणून चालू कर्जात आधी करार वाचा. फिटलेल्या आणि नाकारलेल्या कर्जात मात्र मागेपुढे बघू नका.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ होतो तो मोबाईल नंबरात. खातं ताईचं, पण बँकेत नंबर मुलाचा किंवा दिराचा. खाती नंबरावरून शोधली जातात. त्यामुळे ताईने स्वतःचा नंबर टाकला तर खातं सापडतच नाही. आणि मुलाचा टाकला तर दोन्ही ओटीपी त्याच्या फोनवर. मग परवानगी कुणी दिली? कागदोपत्री ताईने, प्रत्यक्षात मुलाने. Revoke करायचं तरी पुन्हा त्याचाच फोन मागायचा. मुलगा पुण्याला कामाला असेल तर परवानगी काढायला पुण्याचा फोन लागणार. नंबर बदलायला आधार आणि पासबुक घेऊन शाखेत एक चक्कर आणि एक अर्ज लागतो. कर्ज मागायच्या आधी ती चक्कर मारा, नंतर नाही. सिम बंद करून नवा नंबर घेणार असाल तर जुन्या नंबरवरच्या परवानग्या आधी बंद करा.

दुसरी अडचण एजंटची. "ताई, तुम्हाला जमणार नाही, ओटीपी सांगा, मी माझ्या फोनवर करतो." त्याच्या फोनवर झालं की पान तुम्ही पाहिलंच नाही, मुदत पाहिली नाही, खात्यांवरच्या टिका पाहिल्या नाहीत. तो चांगला माणूस असेलही. पण त्याला दिवसात दहा अर्ज पुरे करायचेत, तो Valid till वाचत बसणार नाही. फोन तुमच्या हातात ठेवा आणि त्याला वाचून दाखवायला सांगा. तरीही सांगते, व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटमेंटची पीडीएफ पाठवण्यापेक्षा ही पद्धत बरी. पीडीएफ एकदा गेली की ती कुणाकुणाकडे फिरते हे कळत नाही आणि ती परत मागता येत नाही. इथे निदान नोंद राहते.

सभेत एका ताईंनी विचारलं, की गटाच्या खात्याचं काय? गटाचं खातं दोघी-तिघींच्या सहीने चालतं. अशी खाती ह्या पद्धतीत सहसा येत नाहीत, हे एकटीच्या नावावरच्या आणि एकटीने चालवायच्या खात्यांसाठी आहे. त्यामुळे कुणी गटाच्या खात्यासाठी सचिव ताईंकडे ओटीपी मागितला तर तो देऊ नका, प्रकरण ग्रामसंघाकडे आणा. पतसंस्थेतली ठेवही ह्यात शोधू नका.

तक्रार करायची झाली तर अकाउंट अ‍ॅग्रीगेटरच्या वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता असतो, Revoke होत नाही किंवा न दिलेली परवानगी दिसते अशा गोष्टी तिथे लिहायच्या. माहितीचा गैरवापर झाला, पुसत नाहीत, सारखे फोन येतात, हे कर्ज देणाऱ्याकडे लिहायचं. लेखीच लिहायचं, तारीख टाकून. बँकेने किंवा कर्ज कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in ह्या पानावर तक्रार टाकता येते. कशी टाकायची हे विचारायला १४४४८ हा नंबर आहे. सोबत परवानगीच्या पानाचा आणि Revoked च्या पानाचा फोटो जोडायचा.

ज्या ताईंनी गेल्या दोन वर्षांत लिंकवरून कर्ज मागितलं आहे, मिळालं असो वा नसो, त्यांनी पुढच्या सभेला येताना फोन चार्ज करून आणि बँकेत दिलेला नंबर चालू ठेवून यावं. सभा संपल्यावर एकेकीचं बसून बघू.